फ्लॅट आत्ताच का घेत नाही? आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

सांगलीत विश्रामबागच्या त्या फ्लॅटवरून पाडव्यापासून आपलं फोनवर बोलणं चालू आहे. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, एक प्रश्न मिटायच्या आत दुसरा निघतो आणि मग विषय पावसावर नाहीतर बेदाण्याच्या भावावर जातो. म्हणून तुम्ही दोघं मला जे जे विचारता ते तुमच्याच शब्दांत उतरवून काढलं आणि प्रत्येकाखाली उत्तर लिहिलं. बाबा, पेन्सिल घेऊनच बसा. हिशोब कुठे चुकलाय असं वाटलं तर तिथे खूण करून ठेवा.

"दर महिन्याला १२ हजार भाडं घालवतोस. त्यात थोडी भर घातली असती तर हप्ता बसला असता आणि घर आपलं झालं असतं."

हा प्रश्न तुम्ही सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे, म्हणून याचं उत्तर सगळ्यात सविस्तर देतो.

बिल्डर त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे ५५ लाख मागतोय. या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ४४ लाख. बाकीचे ११ लाख आपले. स्टॅम्प ड्युटी सांगली महापालिकेच्या हद्दीत ६ टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हा खर्च कर्जात धरत नाहीत, तो रोख भरावा लागतो. म्हणजे चावी हातात यायच्या आधी १४ लाख ६० हजार जातात. इमारत तयार आहे आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेला आहे म्हणून यात जीएसटी नाही, नाहीतर तोही आला असता. किचन ट्रॉली, कपाटं, पंखे, पडदे हे सगळं वेगळं.

आता हप्ता. ४४ लाख, २० वर्षं, ८ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ३६,८०० रुपये बसतात. भाडं १२ हजार. थोडी भर म्हणता ती २५ हजारांची आहे.

आणि बाबा, खरी गंमत त्या हप्त्याच्या आत आहे. पहिल्या महिन्याच्या ३६,८०० मधले जवळपास २९,३०० निव्वळ व्याजाचे असतात. मुद्दल फिटतं ते साडेसात हजारांचं. पहिल्या वर्षात आपण बँकेत ४ लाख ४१ हजार भरतो आणि कर्ज कमी होतं फक्त ९३ हजारांनी. पाच वर्षांनी एकूण २२ लाख भरून झालेले असतात, तरी डोक्यावर साडेअडतीस लाख शिल्लक असतात. बँकेकडून परतफेडीचं वेळापत्रक मिळतं, त्यात महिन्यागणिक हे सगळं छापलेलं असतं. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकानं सही करायच्या आधी त्याची पहिली दोन पानं वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

भाडं परत येत नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण व्याजही परत येत नाही, मेंटेनन्स आणि घरपट्टीही परत येत नाही. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहून सुरुवातीच्या वर्षांत महिन्याला ३२ हजार जाणार, आणि भाड्यानं राहून १२ हजार जातात. घर तसंच, गल्ली तीच, पाण्याची वेळही तीच. मग जास्त पैसे कुठे वाया जातात, ते तुम्हीच सांगा.

आपल्या सांगली-मिरजेत हा फरक एवढा मोठा का, तर इथे किमतीच्या मानानं भाडी फार कमी आहेत. ५५ लाखांच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं १ लाख ४४ हजार, म्हणजे किमतीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. ज्या घरमालकानं असाच फ्लॅट घेऊन मला भाड्यानं दिलाय, तो मला खरं तर स्वस्तात राहू देतोय. भाडं २५-३० हजार असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं, सरळ बँकेत गेलो असतो.

"भाडं दरवर्षी वाढतं. हप्ता मात्र २० वर्षं तेवढाच राहतो."

पहिलं वाक्य बरोबर आहे. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं तर दहा वर्षांनी ते साडेएकोणीस हजार होईल आणि वीस वर्षांनी बत्तीस हजारांच्या घरात जाईल. म्हणूनच मी आयुष्यभर भाड्यानं राहणार असं कधी म्हटलेलं नाही. जितकी वर्षं एका जागी राहायचं, तितकं स्वतःचं घर परवडायला लागतं.

दुसरं वाक्य मात्र अर्धंच बरोबर आहे. आजकालची गृहकर्जं बदलत्या व्याजाची असतात आणि ती रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. त्या वेळी कित्येकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण कर्जाची मुदत वाढली, आणि ते लोकांच्या लक्षातही आलं नाही. पुढे २०२५ मध्ये दर उतरले. खाली येतात तसे ते वरही जातात, आणि दोन्ही वेळेला आपल्या हातात काही नसतं.

"जागेचे भाव खाली आलेत असं कधी झालंय का? आज ५५ ला आहे, पाच वर्षांनी ७० ला जाईल. मग काय करशील?"

बाबा, मीही ७० लाखच धरलेत. वर्षाला ५ टक्के वाढ धरली की पाच वर्षांनी ५५ चे ७० लाख होतात. आता दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून बघू.

पहिली वाट, आज फ्लॅट घेतला. पाच वर्षांनी किंमत ७० लाख, त्यातून बँकेचे उरलेले साडेअडतीस लाख वजा केले की आपल्या मालकीचे राहतात साडेएकतीस ते बत्तीस लाख.

दुसरी वाट, भाड्यानं राहिलो. सुरुवातीला लागणारे १४ लाख ६० हजार जिथे आहेत तिथेच राहिले, म्हणजे शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात. आणि हप्ता अधिक मेंटेनन्स उणे भाडं हा जो फरक, तो महिन्याला सरासरी साडेसव्वीस हजार येतो. वाढतं भाडं धरूनच हा आकडा काढला आहे. तो दर महिन्याला एसआयपीत टाकला. वर्षाला १० टक्के परतावा धरला तर पाच वर्षांनी सगळे मिळून ४४ लाखांच्या जवळ जातात, आणि नफ्यावरचा साडेबारा टक्के कर भरूनही ४२ लाख हातात राहतात. पहिल्या वाटेपेक्षा दहा लाखांनी जास्त.

१० टक्के कशावरून, असं तुम्ही विचारणारच. त्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून मी ६ टक्क्यांनीही मांडून बघितलं, म्हणजे जवळपास बँकेच्या एफडीएवढंच. तरी ३७ लाख होतात. म्हणजे या पाच वर्षांत भाड्याच्या बाजूचं पारडं जड आहे ते बाजारात काही चमत्कार होणार म्हणून नाही. भाडं कमी आहे आणि सुरुवातीचं व्याज जास्त आहे, म्हणून ते जड आहे.

माझा हिशोब कुठे फसेल तेही सांगतो. फ्लॅटचा भाव वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला आणि फंडानं १० दिले, तर दोन्ही वाटा बरोबरीत सुटतात. फ्लॅट ८ नं वाढला आणि फंडानं ६ च दिले, तर आज घर घेणारा पाच लाखांनी पुढे जातो. असं होऊ शकतं. पण सगळीकडे सारखे भाव वाढत नाहीत. जुन्या इमारतीचे वेगळे, नव्याचे वेगळे. आणि सांगलीत नदी विसरून चालत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेनं गावभागात, मारुती चौकात काय केलं ते आपण पाहिलंय. घर घेताना माणूस सगळी पुंजी एकाच इमारतीत, एकाच सर्वे नंबरात अडकवतो, हेही धरायला हवं.

"शेअर बाजार म्हणजे जुगार. आपल्या तालुक्यातच किती जण बुडाले!"

आई, जे बुडाले ते बहुतेक करून "महिन्याला पाच टक्के देतो" म्हणणाऱ्या माणसाकडे पैसे देऊन बुडाले. त्यांचे पैसे बाजारात गेलेच नाहीत, त्या माणसाच्या घरी गेले. नाहीतर ते रोज सकाळी मोबाईलवर ऑप्शनचे सौदे करत होते. मी या दोन्हींच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

माझे पैसे निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात आहेत. देशातल्या मोठ्या ५० कंपन्यांचे शेअर्स निफ्टीत ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात तो फंड घेतो. कुठला शेअर घ्यायचा, कधी विकायचा हे मी ठरवत नाही आणि फंडवालाही ठरवत नाही. म्हणून त्याचा खर्चही अगदी कमी असतो. दर महिन्याला ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट येतं. त्यात किती युनिट आहेत, आजचा भाव काय, नॉमिनी कोण हे सगळं लिहिलेलं असतं. नॉमिनी तुमची सून आहे. पुढच्या वेळी येताना छापून आणतो, बाबा, पासबुक वाचतो तसं वाचता येईल.

पडतो का? पडतो, आणि जोरात पडतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरमध्ये ९ हजारांच्याही खाली आला. २१ हजारांच्या वर पुन्हा नीट स्थिरावायला २०१३ ची अखेर उजाडली. २३ मार्च २०२० ला एकाच दिवसात तो १३ टक्के कोसळला. त्या वेळी मात्र वर्ष संपायच्या आत भरून निघाला. २००८ सारखं पुन्हा झालं तर माझे १५ लाख वर्षभरात ६-७ लाख दिसतील. ते बघायची तयारी ठेवूनच मी बसलोय. ज्याला दोन वर्षांत मुलीचं लग्न करायचंय किंवा घराचं टोकन द्यायचंय, त्यानं हे पैसे बाजारात ठेवूच नयेत. माझ्याकडे तीन लाखांची एफडी वेगळी आहे. आजारपण किंवा नोकरीची अडचण आली तर तिला हात लावायचा, फंडाला नाही. फ्लॅट आज घेतला तर फंड संपेल आपल्या वाट्याच्या ११ लाखांत आणि स्टॅम्प ड्युटीत, आणि ही एफडी संपेल फर्निचरमध्ये. त्याच महिन्यापासून ३६,८०० चा हप्ता सुरू होईल आणि मागे आधार म्हणून काहीच उरणार नाही. दोघांचे पगार मिळून हातात ९० हजार येतात. त्यातले ४० टक्क्यांहून जास्त हप्त्यातच जातील. मला बाजारापेक्षा याची भीती जास्त वाटते.

"हप्ता असला की माणसाला शिस्त लागते. हातात राहिले की पैसे उडतात."

आई, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात वजनदार वाटतो. वरचा सगळा हिशोब एका अटीवर उभा आहे, ती म्हणजे फरकाची रक्कम दर महिन्याला खरोखर गुंतली पाहिजे. भाड्यानं राहून वाचलेले २५ हजार गाडीच्या हप्त्यात आणि हॉटेलात गेले, तर फ्लॅट घेणारा शेजारी पाच वर्षांनी माझ्या पुढे असेल. ज्याच्या हातात पैसा ठरत नाही त्यानं बिनधास्त कर्ज काढून घर घ्यावं, असं मी मित्रांनाही सांगतो.

आमचा पगार महिनाअखेरीला जमा होतो आणि एसआयपी ५ तारखेला खात्यातून आपोआप कापली जाते. त्यासाठी बँकेला मँडेट दिलेलं आहे. महिन्याचा खर्च त्यानंतर जे उरतं त्यातून चालतो. पगार वाढला की ही रक्कमही वाढवायची, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय.

"घराच्या कर्जावर इन्कम टॅक्स वाचतो म्हणतात."

जुन्या करपद्धतीत वाचतो, व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर ती मिळत नाही. पण पगारदाराला २०२५-२६ पासून वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत पगारावर करच नाही. आमच्या दोघांचेही पगार त्याच्या बरेच आत आहेत. जो कर मला लागतच नाही तो वाचवण्यासाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही.

"घरमालकानं उद्या घर सोडा म्हटलं तर लहान पोर घेऊन कुठे फिरशील?"

ही अडचण खरी आहे, ती पैशात मोजता येत नाही. आमचा भाडेकरार ११ महिन्यांचा आणि रीतसर नोंदवलेला आहे. नोटीस एक महिन्याची आहे. दर वर्षी करार संपत आला की हिच्या मनाला घोर लागतो, आणि भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. हा त्रास मी पाच वर्षं सोसायला तयार आहे, आणि हीही तयार आहे. तिला विचारल्याशिवाय मी यातलं काहीच ठरवलेलं नाही.

पण त्याच करारानं मला एक मोकळीकही दिली आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीचं चाकणलाही युनिट आहे आणि दोन-तीन वर्षांत तिकडे जावं लागण्याची शक्यता आहे. फ्लॅट घेऊन दोन वर्षांत विकावा लागला, तर साडेतीन लाखांची स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी गेली, दलाली गेली, आणि तोपर्यंत भरलेलं बहुतेक व्याजच असणार. नोकरीचं ठिकाण नक्की नसताना घर घेणं मला पटत नाही.

"पैशाचीच अडचण असेल तर माझे पोस्टातले घे. नाहीतरी ते तुझ्यासाठीच आहेत."

बाबा, हे तुम्ही म्हणालात त्या रात्री मला झोप आली नाही. पण घेणार नाही.

निवृत्तीचे १८ लाख तुम्ही पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत. ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांनी तुम्हाला ३६,९०० रुपये मिळतात. ज्या वर्षी अवकाळीनं बाग झोडपली त्या वर्षी घर याच पैशावर चाललं. या खात्यातून गरजेपुरते काढता येत नाहीत, मुदतीआधी खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं झाल्यावर बंद केलं तरी १ टक्का कापतात, म्हणजे १८ हजार. शिवाय सरकारी हमीचे ८.२ टक्के मोडून बँकेचं ८ टक्क्यांचं कर्ज कमी करायचं, यात आपल्या घराचा काडीचा फायदा नाही. तोटा एवढाच की तुमचं औषधपाणी माझ्या पगारावर येईल, आणि तुम्ही मागायला संकोच कराल हे मला ठाऊक आहे. एकरभर जमीन काढायचा विषय तर यापुढे काढूच नका.

"मग घेणार तरी कधी? की नुसतं पुढे ढकलणार?"

साधारण पाच वर्षांनी. तेव्हा तीन गोष्टी जुळलेल्या असायला हव्यात.

पहिली, नोकरी सांगलीत की चाकणला ते पक्कं झालेलं असावं. दुसरी, किमतीच्या ८० टक्के नव्हे, ६० टक्केच कर्ज काढायचं. फ्लॅट ७० लाखांचा झाला असं धरलं तर २८ लाख आपले, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे साडेचार लाख, आणि कर्ज ४२ लाखांचं. त्याचा हप्ता ३५ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे घर १५ लाखांनी महाग होऊनही हप्ता आजच्यापेक्षा थोडा कमीच, आणि तोवर आमचे पगारही वाढलेले असतील. फंडातले काही लाख तेव्हाही शिल्लक राहतील.

तिसरी गोष्ट पैसे काढण्याची. घर घ्यायच्या महिन्यात बाजार पडलेला असला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून शेवटची दोन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे युनिट विकून एफडीत वळवायचे. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नसतो, दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून विकलं की करही कमी बसतो. यानं परतावा थोडा घटेल, वर लिहिलेले ४२ लाख कदाचित ४० होतील. ते मला चालेल.

बाबा, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग नुसती हिरवी दिसते, एक घड दिसत नाही. पण ऑक्टोबरला जो माल धरतो तो त्याच काडीवर, हे तुम्हीच मला शिकवलंय. आमची सध्या काडी तयार व्हायची वर्षं आहेत.

"तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

दोन कामं आहेत, आणि ती तुमच्याइतकी चांगली कुणी करणार नाही.

बिल्डरच्या माणसाला टोकन देऊ नका. तो "पाडव्याचा रेट फक्त आठवडाभर" म्हणतोय, पण रिकामे फ्लॅट त्याच्याकडे अजून आहेत. खात्री करायची तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं की किती विकले ते दिसतं.

दुसरं म्हणजे, सांगलीला याल तेव्हा विश्रामबाग, वारणालीकडे एक चक्कर मारा. कुठली इमारत कशी आहे, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं हे तिथल्या जुन्या माणसांना विचारून वहीत टिपून ठेवा. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा मी नकाशावर बघतो. आणि आई, घर घेताना ते हिच्या एकटीच्या नावावर घेण्याचा विचार आहे. महिलेच्या नावावर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, ७० लाखांवर ती ७० हजार होते. याला तुझी काही हरकत असेल तर आत्ताच सांग.

रविवारी सकाळच्या एसटीनं तिघंही येतोय. स्टेटमेंट घेऊन येतो.

तुमचा,
बाळू